काचेच्या दाराआड तांबं काळं का पडतं

तांब्याच्या कळशीच्या बुडावर काळपट गोल डाग उमटले होते. त्यांची जागा इतकी नेमकी होती की ते हाताचे ठसे असणं शक्य नव्हतं. कळशी ज्या काचेच्या फळीवर ठेवली होती तिच्यावर, जड भांडं घसरू नये म्हणून, रबराच्या काळ्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या. डाग बरोबर त्या टिकल्यांच्या वर होते आणि प्रत्येक डागाभोवती जांभळट-तपकिरी कडं पसरलं होतं. शेजारचा स्टीलचा डबाही तशाच टिकल्यांवर बसलेला होता, पण त्याचं बूड आरशासारखं स्वच्छ होतं. चिनी मातीच्या वाडग्यांनाही काही झालेलं नव्हतं. फळी तीच, टिकल्या त्याच, हवा तीच, आणि बिघडलं फक्त तांबं. तिथूनच मी कॅबिनेटचा नीट अभ्यास सुरू केला.

तोवर डायनिंग कॅबिनेट म्हणजे रंग, उंची आणि दिव्यांचा विषय, असंच घरात सगळे धरून चालले होते. तो आहेच, त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण तांबं-पितळ बंद कपाटात मांडायचं असेल तर आधी कपाटाच्या आत काय काय लावलंय हे पाहावं लागतं. दारं लावल्यावर रबर, गोंद, पॉलिश आणि प्लाय यांतून निघणारी वाफ आतच कोंडून राहते आणि भांडी अहोरात्र तिच्यात बसलेली असतात.

रबराचं कारण सरळ आहे. रबर टिकाऊ व्हावं म्हणून ते गंधकाबरोबर तापवतात. त्यातलं थोडं गंधक आणि गंधकाची संयुगं पुढेही हळूहळू बाहेर पडत राहतात. तांब्याचं गंधकाशी लगेच जमतं आणि वर काळा थर बसतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यामुळे तेही काळवंडतं. स्टेनलेस स्टीलवर मात्र क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो. ओरखडा गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो पुन्हा तयार होतो. म्हणून एकाच फळीवर स्टील चकचकीत राहतं आणि तांबं काळं पडतं.

सुतारकाकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, पण रबर काढलंत तर भांडं घसरेल, काचेला चरे जातील." त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून रबराच्या जागी काय लावायचं, हे कुणाच्या सांगण्यावर न सोडता तपासून ठरवायचं असं मी मनाशी पक्कं केलं.

तपासायची एक पद्धत वस्तुसंग्रहालयांत वापरतात. ब्रिटिश म्युझियममधले अँड्र्यू ऑडी यांनी ती १९७३ मध्ये मांडली, म्हणून तिला ऑडी टेस्ट म्हणतात. ज्या वस्तूचा संशय आहे तिचा तुकडा काचेच्या घट्ट झाकणाच्या नळीत ठेवायचा. त्यासोबत चांदी, शिसं आणि तांबं यांच्या घासून स्वच्छ केलेल्या पट्ट्या आणि थोडंसं पाणी ठेवायचं. सगळं ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवून नंतर पट्ट्यांचा रंग पाहायचा. उष्णता आणि दमटपणा यांमुळे एरवी कित्येक महिन्यांत होणारा बदल लवकर दिसतो.

घरी ६० अंश इतका काळ धरून ठेवणं मला जमणारं नव्हतं, म्हणून मी तिची साधी आवृत्ती केली. घट्ट झाकणाच्या छोट्या बरण्या धुऊन वाळवल्या. तांब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून बारीक पॉलिश पेपरने लखलखीत केल्या आणि त्यांना नंतर उघडा हात लावला नाही. प्रत्येक बरणीत एक पट्टी दोऱ्याने टांगली, खाली ओल्या कापसाचा बोळा ठेवला, आणि एकेका बरणीत एकेक वस्तू टाकली: रबराची टिकली, प्लेट स्टँडखाली लावलेल्या हिरव्या नमद्याचा तुकडा, काच चिकटवायच्या सिलिकॉनचा नुकताच काढलेला थेंब, प्लायचा कापलेला तुकडा. एका बरणीत पट्टी आणि ओला कापूस एवढंच ठेवलं. ही रिकामी बरणी फार महत्त्वाची. ती नसेल तर पट्टीचा रंग वस्तूमुळे बदलला की नुसत्या दमट हवेमुळे, हे सांगता येत नाही.

सगळ्या बरण्या मी उबदार जागी एकत्र ठेवल्या. रबराच्या बरणीतली पट्टी सगळ्यात आधी बदलली. ती आधी केशरी, मग जांभळट आणि शेवटी करड्या-काळ्या रंगाची झाली, तीही टिकलीला न शिवता, लांब टांगलेली असताना. म्हणजे कळशीच्या बुडाशी जे दिसलं ते फक्त स्पर्शाने नव्हतं. नमद्याच्या बरणीत पट्टी मंद तपकिरी झाली. नमदा लोकरीचा असेल तर त्यात गंधक मुळातच असतं. सिलिकॉनच्या बरणीत पट्टीवर निळसर-हिरवे ठिपके आले. ते बरणी उघडताना आलेल्या आंबट वासाशी जुळत होते: स्वस्त सिलिकॉन सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल निघतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच. प्लायच्या बरणीतली पट्टी रिकाम्या बरणीतल्या पट्टीपेक्षा थोडी जास्त मंदावली होती.

या घरगुती चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. बरणीतला दमटपणा कपाटातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे इतक्या दिवसांत काळं पडलं म्हणजे कपाटात इतक्या महिन्यांत पडेल, असा हिशेब मांडता येत नाही. कुठली वस्तू जास्त वाईट आणि कुठली कमी, एवढंच ती सांगते. मला तेवढंच हवं होतं.

त्यानंतर आतली रबराची प्रत्येक वस्तू निघाली. टिकल्या, दाराच्या कडेची काळी रबरपट्टी, एका जुन्या स्टँडचे पाय, सगळं. त्यांच्या जागी भांड्याच्या बुडाएवढ्या गोल चकत्या पारदर्शक पॉलिएस्टर फिल्ममधून कापल्या. समोरून त्या दिसत नाहीत आणि काचेला चरा जाऊ देत नाहीत. जड भांड्यांखाली पॉलिइथिलीन फोमचे पातळ तुकडे ठेवले, कारण फिल्मवर भांडं सरकू शकतं. काच बसवायला न्यूट्रल क्युअर प्रकारचं सिलिकॉन वापरलं. ते सुकताना आंबट वास येत नाही, आणि ओळखायची घरगुती खूणही तीच. लावून झाल्यावरही ते पूर्ण वाळून वास पुरता जाईपर्यंत दारं उघडीच ठेवली.

प्लायचं काम जरा किचकट होतं. आतून सनमायका लावलेला असला तरी बिजागऱ्यांची भोकं, फळीच्या मागच्या कडा, वायर न्यायला पाडलेली छिद्रं अशा ठिकाणी कच्चा प्लाय उघडा असतो. प्लाय आणि एमडीएफमधल्या चिकट पदार्थांतून फॉर्मल्डिहाइड निघतं आणि लाकडातून थोडं ॲसिटिक आम्ल. समोरून न दिसणाऱ्या त्या सगळ्या कडांवर मी ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. धातूच्या पापुद्र्यातून वाफ जात नाही. नव्याने पॉलिश केलेलं कपाट असेल तर मात्र वाट पाहण्याला पर्याय नाही. काही आठवडे दारं उघडी ठेवून वास जाऊ द्यावा आणि भांडी मग आणावीत. दारं उघडून आत नाक घालावं. वास येतोय तोवर तांबं आत ठेवू नये.

एवढं झाल्यावर भांडी घासायला घेतली. त्याआधी चुंबक हातात घेऊन सगळी तपासली. पिवळ्या भांड्याला चुंबक घट्ट चिकटला तर ते लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेलं असतं. ते जोरात घासलं की मुलामाच निघून जातो, म्हणून अशी भांडी नुसती पुसून ठेवली. काही नव्या पितळी वस्तूंवर कारखान्यातच पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. त्याची खूण म्हणजे बाकी भांडं चमकतं आणि मधेच काळ्या नागमोडी रेघा किंवा ठिपके दिसतात. लॅकर जिथे तडकलं तिथून हवा आत शिरलेली असते. त्यावर चिंच-लिंबू कितीही लावा, काही होत नाही, कारण डाग लॅकरच्या खाली असतो. असं लॅकर खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून, आगीपासून दूर ॲसिटोनने काढावं लागतं. मी एका फुलदाणीचं काढलं, बाकीच्यांवरचं चांगलं होतं ते राहू दिलं.

उरलेल्या तांब्या-पितळेसाठी लिटरभर कोमट पाण्यात सपाट चमचाभर सायट्रिक आम्ल पुरतं. साबणाने तेलकटपणा काढल्यावर भांडं त्यात काही मिनिटं ठेवायचं आणि मऊ कापडाने पुसत राहायचं. यात दोन गोष्टी सांभाळायच्या. तांबं आणि पितळ एकाच पाण्यात एकामागोमाग घालायचं नाही. पाण्यात उतरलेलं तांबं पितळेवर बसून पितळ गुलाबीसर दिसायला लागतं. पितळ आम्लात फार वेळ राहिलं तरी पृष्ठभागावरचं जस्त निघून जाऊन तेच होतं. गुलाबी छटा दिसू लागली की लगेच बाहेर काढायचं. दुसरं म्हणजे मीठ टाळायचं. मिठाने काम झटपट होतं, हे खरं. पण कोपऱ्यात राहिलेल्या मिठावर पुढे हिरवे डाग येतात, आणि शोभेच्या भांड्याला रोज धुणं नसल्यामुळे ते वाढत जातात. बाहेर काढल्यावर थोडा खायचा सोडा घातलेल्या पाण्यातून भांडं काढलं की उरलंसुरलं आम्ल मरतं. मग साध्या पाण्याने भरपूर धुवायचं.

वाळवण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला, आणि तो घालावाच. जुन्या पितळी भांड्यांचा काठ बाहेर वळवून दुमडलेला असतो. या दुमडीत पाणी शिरतं आणि बाहेरून भांडं कोरडं ठणठणीत दिसलं तरी आत राहतं. काही दिवसांनी ते हळूहळू झिरपतं आणि काठाखाली हिरवी बारीक रेघ उमटते, अगदी पेनाने ओढल्यासारखी. पाहणाऱ्याला वाटतं भांडं नीट घासलंच नाही. म्हणून धुतल्यावर भांडं उपडं, मग तिरकं करून आपटत पाणी गाळायचं. मग हेअर ड्रायरची गरम हवा दुमडीवरून सावकाश फिरवायची आणि भांडं कोमट असतानाच उन्हात ठेवायचं. कानांच्या रिव्हेटांभोवती आणि झाकणांच्या आतल्या गळ्यातही असंच पाणी लपतं.

नक्षीच्या भांड्यांत पावडर वापरली असेल तर ती ओली असतानाच मऊ ब्रशने काढायला हवी. वाळली की खाचांत पांढरी होऊन बसते आणि दिव्याखाली आधी तीच दिसते. नक्षीच्या खोलगट भागातला काळेपणा मात्र मी मुद्दाम ठेवला. तो काढला तर फुलं-पानं सपाट दिसतात; नक्षी उठून दिसते ती त्या सावलीमुळेच. आतून कल्हई असलेल्या भांड्यांना आत आम्ल लावलं नाही. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, तो आम्लाने आणि घासण्याने झिजतो.

यानंतर भांड्याला उघडा हात लावायचा नाही. घामातल्या क्षारांमुळे उमटलेला बोटाचा ठसा काही आठवड्यांत तपकिरी होतो आणि नुसत्या पुसण्याने जात नाही. हातमोजे घालून प्रत्येक भांड्यावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा अगदी पातळ हात दिला आणि सुकल्यावर मऊ कापडाने चमकवलं. लॅकरपेक्षा मला हे बरं वाटतं. वॅक्स उतरलं तर त्या जागी पुन्हा लावता येतं, लॅकर तडकलं तर सगळंच काढावं लागतं. वॅक्स लावलेलं भांडं अर्थातच शोभेपुरतंच. ज्यात पाणी भरायचं आहे त्याला मी वॅक्स लावत नाही.

आता मांडणी. तांबं आणि पितळ यांचं रूप दिव्यावर फार अवलंबून असतं. तांब्याचा रंग लाल प्रकाशातून उठतो आणि साध्या एलईडी पट्ट्यांत नेमका लाल भाग कमी असतो. त्यामुळे घासून लखलखीत केलेलं तांबंही त्यांच्याखाली मातकट दिसतं. पट्टी घेताना तिचा सीआरआय, म्हणजे तिच्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा, ९० किंवा जास्त आहे का ते पाहावं, आणि शक्य असेल तर एखादं तांब्याचं भांडं सोबत नेऊन पट्टीखाली धरून बघावं. रंगाचं तापमान मी सगळ्या कपाटाला ३००० केल्विन ठेवलं. २७०० ला पितळ फार सुंदर दिसत होतं, पण पांढरी क्रॉकरी पिवळट पडत होती. धातूंच्या फळीवर पिवळा आणि क्रॉकरीवर पांढरा प्रकाश असंही करून पाहिलं. ते स्टीलमुळे जमलं नाही: स्टील दोन्ही प्रकाश दाखवतं आणि दोन्ही रंग त्यात चट्ट्यांसारखे दिसतात.

पट्टी लावायची जागाही ठरलेली हवी. ती मागच्या भिंतीशी लावली तर भांड्यांची फक्त काळी आकृती दिसते. फळीच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने, तोंड मागे करून लावली तर प्रकाश भांड्याच्या दर्शनी अंगावर पडतो. पट्टी बसवायला वर दुधी झाकण असलेली पन्हळ, म्हणजे प्रोफाइल, हवंच. नाहीतर गोल, चकचकीत पोटावर एलईडीचे ठिपके माळेसारखे उमटतात आणि भांड्याचा आकारच हरवतो. एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर कपाटाच्या बाहेर ठेवला, कारण तो तापतो आणि गरम हवेत सगळ्या रासायनिक क्रिया वेगाने होतात.

स्टीलला मांडणीत काय काम द्यायचं हे मला उशिरा उमगलं, आणि आता कपाटातली माझी सगळ्यात आवडती जागा तीच आहे. चकचकीत स्टीलला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. समोर जे असेल ते त्यात दिसतं. नुसती स्टीलची भांडी ओळीने मांडली की त्यांत समोरची खोली, खिडकी आणि आपणच दिसतो, आणि फळी गोंधळलेली वाटते. मी स्टीलची मोठी ताटं स्टँडवर उभी करून मागे लावली आणि त्यांच्या पुढे, वीतभर अंतरावर, तांब्याचे तांबे आणि पितळी डबे ठेवले. आता ताटांत तांब्याची मागची बाजू दिसते आणि स्टीलला तांबूस झाक येते. धातूला धातू टेकू मात्र दिला नाही. कोरड्या हवेत त्याने काही बिघडत नाही, पण दमट दिवसांत टेकलेल्या जागी ओल धरते आणि तिथेच डाग पडतो.

जड भांडी वरच्या फळीवर शोभतात असं वाटतं खरं, पण पितळ लोखंडापेक्षाही जड असतं. मी प्रत्येक भांडं वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. घंगाळ आणि परात खालच्या लाकडी फळीवर गेल्या. काचेच्या फळीवर भांडी ठेवल्यावर फळीच्या पुढच्या कडेला दोरा ताणून धरला की तिला बाक आलाय का ते कळतं. एका फळीला तसा बाक दिसला, तेव्हा तिथलं वजन काढून तिच्यावर क्रॉकरी ठेवली आणि कपाट मागून भिंतीला स्क्रूने बांधून घेतलं.

क्रॉकरीला काळं पडण्याची भीती नाही, तिचे त्रास वेगळे. प्लेटच्या खालचं गोल कडं बरेचदा बिनचकाकीचं आणि खरखरीत असतं. प्लेटवर प्लेट ठेवली की ते खालच्या प्लेटच्या चकाकीवर चरे पाडतं. म्हणून मधे मऊ कागद ठेवला. कप कानाने हुकला टांगायची मला इच्छा होती, पण जुन्या कपांचा कान हा जोडलेला भाग असतो आणि सगळं वजन त्या सांध्यावर येतं. फक्त नवे, जाड कप टांगले. सोनेरी काठाच्या प्लेटांना पावडर किंवा घासणी लावली नाही; तो सोनेरी थर चकाकीच्या वर असतो आणि घासला की जातो. तारेच्या स्टँडमुळे प्लेटच्या कडेला करड्या रेघा येतात. त्या तड्यांसारख्या दिसल्या तरी धातूचा अंश असतात. ज्या प्लेटांवर त्या दिसल्या त्यांना ॲक्रिलिकचे स्टँड दिले.

कपाटात एक छोटं आर्द्रतामापक ठेवलं आहे आणि फळ्यांच्या मागच्या कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात पुड्या रंग बदलतात, तेव्हा त्या तापवून पुन्हा ठेवतो. शिवाय घासलेल्या तांब्याच्या पत्र्याची एक छोटी पट्टी, वॅक्स न लावता, सगळ्यात वरच्या फळीच्या मागे टेकवून ठेवली आहे. भांड्यांवर वॅक्स आहे, तिच्यावर नाही, म्हणून कपाटात काही नवीन आलं आणि ते तांब्याला मानवत नसेल तर ते पट्टीवर आधी दिसेल. मधे एका नव्या सजावटीच्या जाळीसोबत आलेल्या चिकट पॅडनी तिला तपकिरी केलं. पॅड काढले, पट्टी पुन्हा घासून ठेवली, आणि जाळी आता दोऱ्याने बांधली आहे.